‘असो’पाशी कात्री लावू नका

प्रश्न: आमच्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात पुण्याच्या पाण्यावर एक लांबलचक प्रकरण आहे, पृष्ठ ११२ ते १४९. आत एकही उपशीर्षक नाही. मी मोबाइलवर फोटो काढले, एका फोटोत समोरासमोरची दोन पानं, असे १९ फोटो झाले. विषय जिथे बदलतो तिथे विभाग पाडून प्रत्येकाला शीर्षक आणि दोन-तीन वाक्यांचा सारांश द्यायचा आहे. माझे १३ विभाग झाले. काही जेमतेम एका पानाचे, एक तर नऊ पानांचा. आणि सारांश वाचून आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. काही पानांखाली ८, ९, १० असे बारीक आकडे आहेत, ते मूळ विभागांचे असतील का? फोटो आणि माझी यादी सोबत जोडली आहे.

उत्तर: आधी त्या आकड्यांचं सांगते, कारण ते चटकन संपेल. ते विभागांचे नाहीत, फॉर्म्यांचे आहेत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचे. या पुस्तकाचा फॉर्मा सोळा पानांचा आहे, आणि प्रत्येक फॉर्म्याच्या पहिल्या पानाखाली त्याचा क्रमांक बारीक टाइपात घातला आहे, म्हणजे बाइंडरला घड्या क्रमाने लावता याव्यात. तुमच्या फोटोंत हे आकडे पृष्ठ ११३, १२९ आणि १४५ वर आहेत. अंतर बरोब्बर सोळाचं. लेखकाचा विषय असा मोजूनमापून सोळा-सोळा पानांनी बदलत नसतो. तुम्ही १२९ च्या वरच्या ओळीपासून एक विभाग सुरू केलाय तो या ९ मुळेच असावा. गंमत म्हणजे त्या पानावर सीमा खरोखरच आहे, पण निम्म्याच्या खाली, आणि वेगळ्याच कारणाने. तिथे पुढे येते. पानांच्या माथ्यावर डावीकडे पुस्तकाचं आणि उजवीकडे प्रकरणाचं नाव छापलंय, तेही विसरून जा. ती नुसती पट्टी आहे, आतल्या मजकुराबद्दल ती काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ११२ ते १४९ म्हणजे ३८ पानं, म्हणजे १९ फोटो हवेत. तुमचे १९ च आहेत, म्हणून सगळं आलं असं तुम्ही धरून चाललात. मी पानांवरचे छापील क्रमांक एकेक करून वाचले, तर १२६-१२७ ही जोडी दोनदा निघाली आणि १३०-१३१ नव्हतीच. पान उलटताना दोन पानं चिकटून उलटली असणार. नुसत्या वाचनात हे लक्षात आलं नसतं, कारण १२९ चं शेवटचं वाक्य अर्धवट सुटतं, १३२ वर सुरुवातीला दुसऱ्याच एका वाक्याचा उरलेला तुकडा आहे, आणि योगायोगाने ते दोन तुकडे व्याकरणाने बेमालूम जुळतात. वर हौदांचं चाललंय, खाली एकदम धरणाचं. तुम्ही तिथे विभाग पाडलात यात तुमचा दोष नाही. गहाळ झालेलं पान हुबेहूब विषयबदलासारखं दिसतं. म्हणून हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की फोटो मोजू नका, छापील क्रमांक वाचा, आणि फाइलला कॅमेऱ्याने दिलेलं नाव बदलून पानांचं नाव द्या: `128-129.jpg`, `130-131.jpg`. मधली कडी तुटली असेल तर ती यादीतच दिसते.

काल तुम्ही ती जोडी पुन्हा काढून पाठवलीत. आता पुढचं.

विभाग पाडण्याआधी परिच्छेदांना क्रमांक द्यायचे, अख्ख्या प्रकरणाला सलग. पानावरून पुढच्या पानावर गेलेला परिच्छेद जिथे सुरू झाला तिथलाच धरायचा. हे वाटतं तेवढं सरळ नाही, कारण फोटोत उजव्या पानाची डावी कड शिवणीच्या खोबणीत वळलेली असते आणि नव्या परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकलेली आहे की नाही ते कळत नाही. अशा वेळी आदल्या ओळीकडे बघायचं. ती उजवीकडे अर्ध्यातच थांबली असेल तर तिथे परिच्छेद संपला. अडचण एवढीच की परिच्छेदाची शेवटची ओळ कधीकधी योगायोगाने काठोकाठ भरते. मग फोटो पुरत नाही, पुस्तक हातात घेऊन शिवण जरा दाबून बघावं लागतं. तुमच्या मोजणीत ४५ परिच्छेद आहेत, माझ्या मोजणीत ४७. फरक पृष्ठ ११९ आणि १३७ वरचा आहे, दोन्ही उजवी पानं.

फोटोतून मजकूर ओळखून घ्यायचा असेल तर टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम मराठी वाचतो, पण आधी प्रत्येक फोटो मधोमध कापून दोन पानं वेगळी करा. नाहीतर डाव्या पानाची ओळ उजव्या पानाच्या ओळीला जाऊन चिकटण्याचा धोका असतो.

```
tesseract 129.jpg 129 -l mar
```

यातून `129.txt` मिळते. ती फक्त शोधाशोधीसाठी वापरा. फॉर्म्याचा आकडा आणि वरची पट्टी त्यात मजकुरासारखीच येऊन बसते, आणि जुन्या टाइपातला ‘ख’ ‘रव’ होऊन येतो, म्हणजे तुमच्या प्रकरणातला ‘खडकवासला’ शोधून सापडणारच नाही. सीमा ठरवताना मात्र डोळ्यासमोर पानाचा फोटोच हवा.

आता मुख्य काम. प्रत्येक परिच्छेदासमोर एक ओळ लिहायची, आणि त्या ओळीत परिच्छेद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय तेवढंच लिहायचं. लेखक त्यावर काय म्हणतो ते अजून नको, ते सारांशात येईल. या टप्प्यावर शीर्षकंही सुचू द्यायची नाहीत. एकदा शीर्षक सुचलं की आपण त्याच्यात बसतील तेवढे परिच्छेद कोंबत जातो. तुमच्या यादीत तसं दोन ठिकाणी झालंय. तुमच्याच प्रकरणातले सातपासून सोळापर्यंतचे परिच्छेद माझ्या वहीत असे आहेत:

७ – कात्रजला तलाव कशासाठी
८ – तिथून शहरापर्यंत नळ कसा आणला
९ – उच्छ्वास म्हणजे काय
१० – लेखकाच्या लहानपणी वाड्यात पाणी कसं भरत
११ – आजीची कळशी हौदात पडली
१२ – ती काढायला कोण उतरलं
१३ – असो. नळातला गाळ कसा काढत
१४ – देखभाल कोणाकडे
१५ – नळ पुढे किती काळ चालला
१६ – शहरात हौद कुठे कुठे

हे एवढं लिहायला मला अख्ख्या प्रकरणासाठी एक संध्याकाळ लागली. पण हे झालं की सीमा जवळपास आपोआप दिसायला लागतात. तुम्ही इथे तीन विभाग केलेत: ७ ते ९ ‘कात्रजचा तलाव’, १० ते १२ ‘बालपणीच्या आठवणी’ आणि १३ ते १५ ‘नळाची देखभाल’. मी एकच करते, ७ ते १५.

का ते सांगते. १० ते १२ हे विषयांतर आहे. विषयांतर आणि विषयबदल यांतला फरक ओळखायची एक साधी चाचणी आहे. मधले परिच्छेद हाताने झाका आणि ९ नंतर थेट १३ वाचा. नवव्यात उच्छ्वास कशासाठी ते सांगितलंय: नळाच्या वाटेवर ठरावीक अंतराने बांधलेले दगडी मनोरे, ज्यांतून हवा सुटायची आणि गाळ खाली बसायचा. तेराव्यात तो गाळ कसा काढायचे ते आहे. शिवण दिसतसुद्धा नाही. म्हणजे लेखक मध्ये आजीच्या कळशीकडे गेला आणि निघाला होता त्याच जागी परत आला. विषय बदलला असता तर परत येण्याची जागा वेगळी असती.

आणि परत आल्याची खूण त्याने स्वतःच ठेवलीय: ‘असो’. जुन्या मराठी गद्यात हा शब्द फार उपयोगाचा आहे, पण लोक त्याचा अर्थ उलटा घेतात. ‘असो’ आला की काहीतरी संपलं असं वाटतं आणि आपण तिथे रेघ मारतो. संपतं ते विषयांतर. मूळ विषय तिथे पुन्हा सुरू होतो. म्हणजे ‘असो’ दिसला की त्याच्या मागे, जिथून लेखक भरकटला तिथे बोट ठेवायचं, मधलं झाकून बघायचं, आणि शिवण जुळत असेल तर दोन्ही बाजू एकाच विभागात ठेवायच्या. या प्रकरणात सात वेळा ‘असो’ आहे आणि त्यातल्या एकाही जागी विभागाची सीमा नाही. तुमच्या तेरा विभागांमधल्या बारापैकी चार सीमा मात्र नेमक्या तिथेच आहेत. उरलेल्या तीन ‘असो’पाशी लेखक दोन-चार वाक्यांतच परत आलाय, म्हणून तुम्ही वाचलात.

‘याच सुमारास’ हाही असाच फसवा शब्द. काळ जुळतो म्हणून लेखक एक बाजूची हकिकत आणतो आणि सोडून देतो. उलट ‘आता अमक्याकडे वळू’ असं स्वतःहून सांगणारा लेखक बहुतेक वेळा खरंच वळतो. पण हे शब्द फक्त खुणा आहेत, निकाल झाकून वाचण्याच्या चाचणीने द्यायचा.

विषयांतर फार लांबलं तर? आजीची कळशी दीड पान आहे, ती सारांशातल्या अर्ध्या वाक्यात बसते. ती पाच पानं असती आणि कुणी मुद्दाम शोधत येईल असं काही तिच्यात असतं, तर मी तिला वेगळा विभाग दिला असता आणि पुढच्या विभागाच्या शीर्षकात ‘पुढे चालू’ लिहिलं असतं. इथे त्याची गरज नाही.

आता १२९ वर येते, कारण तिथे उलटी फसगत आहे.

१६ ते २५ या दहा परिच्छेदांत ‘हौद’ हा शब्द जवळपास प्रत्येक वाक्यात येतो. शब्दांवर लक्ष ठेवून विभाग पाडणारा माणूस, किंवा यंत्रसुद्धा, इथे एकच विभाग करेल. यंत्रांचं म्हणाल तर मार्टी हर्स्ट यांनी १९९०च्या दशकात मांडलेली टेक्स्टटाइलिंग नावाची पद्धत प्रसिद्ध आहे. मजकुराचे लागोपाठचे दोन ठोकळे घ्यायचे, त्यांत सारखे शब्द किती ते मोजायचं, आणि सारखेपणा जिथे आजूबाजूपेक्षा बराच खाली जातो तिथे सीमा धरायची. कल्पना चांगली आहे. मराठीत ती जशीच्या तशी वापरली तर आधी सामान्यरूपात अडखळते, कारण ‘पाणी’, ‘पाण्याचा’, ‘पाण्यावाचून’ हे तिला तीन वेगळे शब्द वाटतात. ते सोडवता येतं. पण तुमच्या १२९ वर ती सोडवूनही उपयोग नाही, कारण तिथे शब्द बदलतच नाहीत, प्रश्न बदलतो.

१६ ते २२ मध्ये प्रश्न आहे: हौद कुठे होते, कोणी बांधले, त्यांत पाणी कसं येई. काळा हौद, बदामी हौद, पेठांतले आणि वाड्यांतले हौद, सगळं या प्रश्नाच्या पोटात. २३ व्या परिच्छेदापासून, म्हणजे १२९ च्या खालच्या निम्म्यात, प्रश्न होतो: या हौदांवर पाणी भरायला कोणाला मुभा होती. आणि तुमच्या फोटोंतून जी पानं निसटली होती त्यांवर, परिच्छेद २४ मध्ये, महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला ती हकिकत आहे. एक शब्दही नवा नाही. हौद तेच, पाणी तेच, पेठाही त्याच. पण ‘पाणी कसं आलं’ याचं ‘पाणी कोणाचं’ झालंय. पुण्यातल्या कुठल्याही वाचनालयात हे प्रकरण उघडणाऱ्या दहातले निदान काहीजण नेमकी हीच तीन पानं शोधत येतील, आणि तुमच्या आधीच्या यादीत त्यांचा पत्ताच लागला नसता. २३ ते २५, तीनच परिच्छेद, पण स्वतंत्र विभाग. विभागाची लांबी किती असावी याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. तुमचा खडकवासल्याचा विभाग नऊ पानांचा आहे म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात, पण त्या नऊ पानांत प्रश्न एकच आहे, धरण का आणि कोणासाठी बांधलं. कालवा, कॅम्पाला पाणी, शहराला पाणी, हे सगळं त्याच उत्तराचे भाग म्हणून येतं. त्याला हात लावू नका.

तेविसावा परिच्छेद ‘या हौदांवर’ अशा शब्दांनी सुरू होतो. मागे बोट दाखवणाऱ्या शब्दाने विभाग कसा सुरू करायचा, असं तुम्ही टिपेत विचारलंय. शीर्षकाने त्या ‘या’चा उलगडा होत असेल तर खुशाल करा. ‘पेठांतल्या हौदांवर पाणी कोणाला’ हे शीर्षक वाचून आलेला वाचक ‘या हौदांवर’ला अडखळत नाही. ‘त्याचं उत्तर असं की’ म्हणून सुरू होणारा तुमचा ३३ वा परिच्छेद मात्र बघा. तिथे प्रश्न ३२ च्या शेवटी आहे, आणि शीर्षकाने काहीही केलं तरी वाचक लटकतो. तिथली तुमची सीमा मी काढून टाकलीय.

सव्विसावा परिच्छेद बिजागरीचा आहे. पहिली तीन-चार वाक्यं सांगतात की हौद पुरेनासे झाले, आणि शेवट होतो मुठेवर धरण बांधण्याच्या विचारापाशी. असा परिच्छेद मधून कापायचा मोह होतो. लहान असेल तर कापू नका. त्याचं शेवटचं वाक्य कुठे बघतंय ते पाहा, तिकडे तो अख्खा द्या. इथे तो पुढे बघतोय, म्हणून धरणाच्या विभागाचा पहिला परिच्छेद. हौद अपुरे पडल्याची गोष्ट त्या विभागाच्या सारांशात ‘म्हणून’ने येईल आणि काही हरवणार नाही. मधून कापायची वेळ फक्त तेव्हा येते जेव्हा जुना लेखक दोन-अडीच पानांचा एकच परिच्छेद लिहितो आणि त्यात खरोखर दोन प्रश्न असतात. मग ‘परि. अमुक, वाक्य तमुकपासून’ अशी नोंद करायची. या प्रकरणात तशी जागा नाही.

शीर्षकांबद्दल तुमची मुख्य अडचण ही आहे की ‘पार्श्वभूमी’, ‘बदलता काळ’, ‘पाण्याचे महत्त्व’ ही शीर्षकं कुठल्याही प्रकरणावर चिकटवता येतील. शीर्षकात त्या विभागातली एखादी तरी वस्तू, जागा किंवा व्यक्ती हवी. या प्रकरणात आणखी एक सापळा आहे, तो शब्द म्हणजे ‘नळ’. परिच्छेद ७ ते १५ मधला नळ म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात आणलेला दगडी बांधणीचा भुयारी पाट. परिच्छेद ३५ नंतरचा नळ म्हणजे आपल्या मोरीतली तोटी. लेखकाला दोन्हीसाठी तोच शब्द पुरतो, कारण तो संदर्भासकट लिहितोय. शीर्षकांच्या यादीत संदर्भ नसतो. ‘नळाची देखभाल’ आणि ‘नळ आणि नागरिक’ ही तुमची दोन शीर्षकं वाचून मीही क्षणभर तोच नळ समजले. म्हणून एकात ‘कात्रजचा’ आणि दुसऱ्यात ‘घरात’ हे शब्द अनिवार्य.

सारांशाचं उदाहरण दाखवते. कात्रजवर तुम्ही लिहिलंय, ‘या भागात लेखकाने पेशवेकालीन पाणीपुरवठ्याची सविस्तर चर्चा केली असून त्याचे विविध पैलू उलगडले आहेत.’ हे वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येतं. चर्चा केली हे कळलं, ठरलं काय ते नाही कळलं. त्याऐवजी:

कात्रजचा नळ आणि त्यावरचे उच्छ्वास (परि. ७–१५)
नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून त्याचं पाणी भुयारी दगडी नळाने, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणलं. वाटेवरच्या उच्छ्वासांतून हवा सुटे व गाळ खाली बसे. तो कसा काढत आणि देखभाल कोणाकडे होती हे लेखक सांगतो. मध्ये वाड्यातल्या हौदाची एक घरगुती आठवण.

आणि दुसरा:

पेठांतल्या हौदांवर पाणी कोणाला: फुल्यांचा हौद, १८६८ (परि. २३–२५)
सार्वजनिक म्हणवणाऱ्या हौदांवर अस्पृश्यांना पाणी भरता येत नसे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. इतर हौदांवर याचा परिणाम लगेच झाला नाही, असं लेखकाचं मत.

शेवटचे तीन शब्द बघा. ते मत लेखकाचं आहे, घडलेली गोष्ट नाही, आणि सारांश करणाऱ्याने ते स्वतःच्या तोंडी घेऊ नये. तुमच्या सारांशांत लेखकाचे शेरे सरळ वस्तुस्थिती म्हणून आलेत, विशेषतः प्लेगवरच्या शेवटच्या विभागात. तिथे १८९७ च्या साथीबद्दल लेखक बराच तापलेला आहे. त्याचा राग सारांशात दिसला पाहिजे, पण त्याचा म्हणून.

आकडे प्रत्येक वेळी फोटोवरून पुन्हा तपासा. खडकवासल्याचं धरण पुरं झाल्याचं साल तुम्ही १८८७ दिलंय. ते वाचताच मी थबकले, कारण ते धरण १८७९ चं. पृष्ठ १३५ मोठं करून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. लेखकाने शके १८०१ लिहिलंय, छपाईच्या झिजलेल्या खिळ्यामुळे शेवटचा १ तुम्हाला ९ दिसला, १८०९ मध्ये ७८ मिळवलेत आणि आठ वर्षं पुढे गेलात. १ आणि ९ यांची ही गल्लत जुन्या छपाईत नेहमीची. त्याच पानावर दुसरा एखादा स्वच्छ उठलेला ९ शोधायचा आणि शेजारी ठेवून बघायचं. गाठ कुठल्या बाजूला आहे ते कळतं. शकाचं इसवी सन करताना पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात, म्हणून महिना दिला नसेल तर सारांशात लेखकाचा शक तसाच ठेवून सन कंसात द्या.

माझे विभाग शेवटी सात झाले. परि. १–६ ‘कात्रजच्या आधी: नदी, आड आणि विहिरी’, ७–१५ आणि २३–२५ वर दिलेच आहेत, १६–२२ ‘पेठांतले आणि वाड्यांतले हौद’, २६–३४ ‘खडकवासल्याचं धरण कोणासाठी’, ३५–४० ‘तोटीचा नळ घरात येतो: पट्टी आणि सोवळं’, ४१–४७ ‘सांडपाणी, गटारं आणि १८९७ चा प्लेग’. प्लेगचा एक उल्लेख ३१ मध्येही आहे. तो उचलून शेवटच्या विभागात नेऊ नका, आपण क्रम बदलत नाही. शेवटच्या सारांशात ‘परि. ३१ ही पाहावा’ एवढं पुरे.

हे करून झाल्यावर मी शेजारच्या एका कॉलेजातल्या मुलीला फक्त सात शीर्षकं दिली आणि पाच प्रश्न विचारले: उच्छ्वास कुठे सापडेल, पाणीपट्टी कुठे, आड कुठे, कॅम्पाचं पाणी कुठे, गटारं कुठे. चार बरोबर आले. पाणीपट्टीसाठी ती धरणाच्या विभागात गेली, कारण तेव्हा पस्तिसाव्या परिच्छेदापासूनच्या विभागाच्या शीर्षकात ‘पट्टी’ हा शब्द नव्हता. तो मग घातला. तुमच्या वाचनालयात कुणीतरी रिकामं बसलेलं असेलच, त्यांच्यावर हा प्रयोग करा, पण सारांश आधी दाखवू नका.

एक सीमा मी पेन्सिलनेच ठेवलीय, ३४ आणि ३५ मधली. पस्तिसाव्यात शहरात पाणी कसं वाटलं ते आहे. ते धरणाचं शेपूट म्हणायचं की तोटीच्या नळाचं डोकं, यावर मी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा वाचूनही दोन वेगळी उत्तरं दिली. सध्या ती ३५ च्या आधी आहे, कारण ‘पट्टी’ हा शब्द लेखक तिथे पहिल्यांदा आणतो. पण पृष्ठ १४० च्या फोटोत खालच्या दोन ओळी तुमच्या अंगठ्याखाली गेल्यात. तेवढं पान पुन्हा काढून पाठवा, मग ठरवू.